डायलिसिसच्या सुट्या शीटांची सलग नोंदवही कशी करावी

आठवड्याला तीन डायलिसिस म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर शीट. बहुतेक घरांत त्या रिपोर्टच्या पिशवीत, औषधाच्या बिलांत मिसळून पडलेल्या असतात. काही सेंटरवर शीट फाइललाच राहते आणि पेशंटच्या हातात छोटी डायरी देतात, त्यात वजन आणि बीपी एवढंच लिहिलेलं असतं. दोन्ही ठिकाणी अडचण एकच. शीट फक्त त्या दिवसाचं बोलते: आज किती पाणी काढायचं होतं, किती काढलं, बीपी सांभाळलं का, सुई नीट बसली का. पेशंटचं ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी निघाल्यावर राहावं असं ठरवून दिलेलं वजन, हळूहळू चुकत चाललंय किंवा फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून घेतलेली, शीर आतून अरुंद होत चाललीय, हे कुठल्याही एका शीटवर लिहिलेलं नसतं. सगळ्या शीटांवर 'व्यवस्थित' असा शेरा असतो आणि तरी सहा आठवड्यांत माणूस दम लागून ॲडमिट होतो.

म्हणून शीटांतले मोजके आकडे एकाखाली एक आणायचे. इथे फिस्टुलावर आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी चार तास डायलिसिस घेणारा पेशंट गृहीत धरला आहे. आठवड्यातून दोनदा जाणाऱ्यांनाही हीच रीत चालेल. कॅथेटरवाल्यांसाठी काय बदलायचं ते पुढे येईल.

आधी कागद लावून घ्या

मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शीट तारखेप्रमाणे लावा. त्याहून जुन्या सध्या बाजूला ठेवा. वर्षभराचं भरायला बसलात तर काम दुसऱ्या दिवशी थांबतं. शीट सेंटरकडेच राहत असेल, तर डायलिसिस संपल्यावर सिस्टरला किंवा टेक्निशियनला विचारून फोटो काढा. फोटो पूर्ण भरलेल्या शीटचा हवा. पुष्कळदा नातेवाईक सुया काढायच्या आधीच फोटो घेतात, मग त्यात नंतरचं वजन, शेवटचं बीपी आणि रक्त थांबायला लागलेला वेळ या तीन कामाच्या गोष्टीच नसतात.

कागद लावताना दोन प्रकारच्या फटी सापडतील. डायलिसिस झालं पण शीट मिळत नाही, ही एक. त्या दिवशी डायलिसिसच झालं नाही, ही दुसरी. या दोन्ही वेगळ्या मांडायच्या. शीट हरवली असेल तर त्या तारखेची ओळ घाला आणि रकाने कोरे ठेवा. शून्य लिहू नका. डायलिसिस चुकलं असेल तर ओळच घालू नका, पुढच्या ओळीच्या शेऱ्यात 'बुधवारी गेले नाहीत' असं लिहा. कारण वजनाची वाढ आपण मागच्या ओळीवरून काढणार आहोत. शीट हरवलेल्या दिवशी वजन नक्की उतरलं होतं, फक्त किती ते हाती नाही, म्हणून पुढची वाढ काढता येत नाही. डायलिसिस चुकलं तेव्हा मात्र वजन उतरलंच नव्हतं, तेव्हा वाढ खरोखर त्याआधीच्या वेळेपासून मोजायची.

पुण्यात अनंत चतुर्दशीच्या आसपास हे हमखास होतं. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता मिरवणुकीत अडकतात, पेठांतल्या पेशंटची वेळ आदल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ढकलली जाते. अशा आठवड्यात 'सोमवार' म्हणजे मोठ्या गॅपनंतरचा दिवस हे गणित मोडतं, म्हणून वाराऐवजी दोन डायलिसिसमधल्या दिवसांची संख्या हाताशी हवी.

कोणते आकडे घ्यायचे

शीटवर तासातासाचे चाळीस-पन्नास आकडे असतात. सगळे उतरवले तर वही होते, पण तीत बघण्यासारखं काही दिसत नाही. एका डायलिसिसची एकच ओळ, एवढाच नियम ठेवा. गूगल शीट किंवा एक्सेलमध्ये रकाने असे लावा:

A तारीख
B ड्राय वेट
C आधीचं वजन
D नंतरचं वजन
E किती तास
F मशीनने काढलेलं पाणी, मिलीलिटरमध्ये
G, H आधीचं बीपी, वरचं आणि खालचं
I, J मधलं सर्वांत कमी वरचं बीपी आणि ते कितव्या तासाला
K, L नंतरचं बीपी
M रक्ताचा प्रवाह
N पहिल्या तासाचं व्हीनस प्रेशर
O सुई काढल्यावर रक्त थांबायला लागलेली मिनिटं
P शेरा

बीपीचे दोन आकडे वेगळ्या रकान्यांत लिहिण्याला कारण आहे. '१४६/८२' असं एकत्र लिहिलं की संगणकाच्या लेखी ते अक्षरं होतात; त्याची सरासरी निघत नाही, आलेख निघत नाही. तारखेचीही अशीच खोड आहे. गूगल शीट असेल तर फाइलच्या सेटिंगमध्ये आणि एक्सेल असेल तर संगणकाच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडा, नाहीतर ५ जूनची नोंद ६ मे म्हणून बसते आणि पुढचं सगळं क्रमवार लावणं बिघडतं.

वेळ दशांशात लिहा. पावणेचार तास म्हणजे ३.७५. इथे ३.४५ लिहिण्याची चूक फार होते. आणि लिहायचा तो प्रत्यक्ष चाललेला वेळ. चार तासांचं ठरलेलं डायलिसिस गोळे आल्यामुळे अर्धा तास आधी थांबवलं असेल तर ३.५ लिहा. शीटच्या डोक्यावर चार छापलेलं असतं, खरा वेळ सुरू केल्याच्या आणि बंद केल्याच्या नोंदीत मिळतो.

पाण्याच्या रकान्यात सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण मशीनने काढायच्या पाण्यासाठी वापरला जाणारा यूएफ हा शब्द शीटवर तीन ठिकाणी येतो. यूएफ गोल म्हणजे सुरुवातीला ठरवलेलं पाणी. यूएफ रेट म्हणजे ताशी वेग, तो तासातासाला बदलू शकतो. आपल्याला हवं ते शेवटच्या ओळीतलं एकूण निघालेलं यूएफ. बीपी डाऊन झालं की टेक्निशियन यूएफ बंद करतो किंवा गोल कमी करतो. त्या दिवशी पहिल्या ओळीत ३२०० असतं आणि शेवटच्या ओळीत २४००. वहीत २४०० जायला हवं.

हातानं न भरता काढायचे चार रकाने आहेत. पहिली ओळ शीर्षकांची, दुसरी पहिल्या डायलिसिसची. सूत्रं तिसऱ्या ओळीपासून द्या आणि खाली ओढा.

```
Q3: =A3-A2
R3: =IF(OR(D2="",C3=""),"",C3-D2)
S3: =IF(OR(D3="",E3="",F3=""),"",F3/E3/D3)
T3: =IF(OR(C3="",D3="",F3=""),"",F3-(C3-D3)*1000)
```

Q मध्ये किती दिवसांचा गॅप ते कळतं. R मध्ये दोन डायलिसिसमधली वजनाची वाढ. S मध्ये दर किलोला दर तासाला किती मिलीलिटर पाणी काढलं तो वेग. T मध्ये मशीनचा हिशेब आणि काट्याचा हिशेब यांतला फरक. संगणक नको असेल तर लांबट रजिस्टरमध्ये हेच रकाने पेन्सिलीनं आखा. R आणि T साठी साधी वजाबाकी पुरते, S साठी मोबाइलचा कॅल्क्युलेटर लागेल.

एक ओळ भरून बघू

आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण अशा ओळी कुठल्याही सेंटरवर रोज लिहिल्या जातात. कोथरूडचे एक काका, सोमवार-बुधवार-शुक्रवारची पाळी, ड्राय वेट ५८ किलो. शुक्रवारी डायलिसिसनंतर वजन ५८.१ होतं. सोमवारी आधी ६०.९, नंतर ५८.०. चार तासांत मशीनने ३२०० मिलीलिटर काढलं.

वाढ झाली ६०.९ वजा ५८.१, म्हणजे २.८ किलो. ही शुक्रवारच्या प्रत्यक्ष वजनापासून मोजली आहे, ड्राय वेटपासून नाही. शुक्रवारी काका ५९ वर घरी गेले असते तर घरी वाढलेलं पाणी १.९ किलोच असतं, आणि उरलेलं आदल्या वेळी न निघालेलं. घरच्यांना ओरडायचं की सेंटरला विचारायचं, हे त्यावर ठरतं. वाढ ड्राय वेटपासून मोजली की दोन्ही पाणी एकत्र होतं आणि सगळा दोष 'पाणी फार पितात' यावर जातो.

वेग आला ३२०० भागिले ४ भागिले ५८, म्हणजे साधारण १३.८. दर किलोला ताशी १३ मिलीलिटरच्या वर गेलं की हृदयावर ताण येतो, बीपी पडण्याचा धोका वाढतो, असं किडनीचे डॉक्टर सर्वसाधारणपणे मानतात. १३ च्या खाली सगळं सुरक्षित आणि वर सगळं घातक असा मात्र याचा अर्थ नाही. काका सोमवारी काठावर आहेत, बुधवारी-शुक्रवारी वाढ कमी म्हणून वेगही कमी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता फरकाचा रकाना. काट्यावर वजन २.९ किलो उतरलं, म्हणजे २९०० मिलीलिटर धरा. मशीन म्हणतं ३२००. हे ३०० कुठे गेले? शेवटी नळ्यांतलं रक्त परत देताना सलाइन आत जातं ते दोनशे-तीनशेच्या घरात असतं. शिवाय मध्ये घेतलेला चहा, इडली, बीपी पडल्यावर दिलेलं सलाइन, इंजेक्शनची छोटी बाटली, हे सगळं आत जातं आणि मशीनच्या आकड्यात धरलं जात नाही. गोल ठरवताना टेक्निशियन म्हणूनच थोडं वाढवून धरतो. तुमच्या पेशंटचा हा फरक रोज २०० ते ४०० असेल तर तो त्याचा नेहमीचा फरक समजा.

एखाद्या दिवशी तो ९०० आला किंवा उणे आला, तर आधी संशय काट्यावर आणि कपड्यांवर घ्या. डिसेंबरच्या सकाळच्या पाळीला स्वेटर, शाल, मोजे घालून आधीचं वजन केलं आणि दुपारी सगळं पिशवीत टाकून नंतरचं केलं, की पाऊण किलो पाणी जास्त निघाल्यासारखं दिसतं आणि फरक उणे येतो. याचा खरा तोटा त्या दिवशीच होतो: आधीचं वजन फुगलेलं म्हणून गोल जास्त लावला जातो, शेवटच्या तासात बीपी पडतं, पायात गोळे येतात, आणि शीटवर कारण 'वजन जास्त वाढलं' असं राहतं. दोन्ही वेळा तेच कपडे, चप्पल काढून, मोबाइल-पाकीट बाजूला ठेवून आणि तोच काटा, एवढं पाळलं की T चा रकाना शांत होतो.

गावी गेल्यावर दुसऱ्या सेंटरला डायलिसिस झालं तर शेऱ्यात 'दुसरा काटा' असं लिहा आणि त्याच्या आधी-नंतरच्या ओळींची वाढ फार मनावर घेऊ नका. दोन काट्यांत अर्धा किलोचा फरक सहज असतो. निघण्याआधी आणि पोचल्यावर घरच्याच छोट्या काट्यावर वजन केलंत, तर फरक काट्याचा की पाण्याचा ते कळतं.

बीपी: कुठला आकडा कशाशी लावायचा

आधीचं आणि नंतरचं बीपी त्याच स्थितीत घेतलेलं हवं, बसून तर बसून. फिस्टुलाच्या हातावर घ्यायचं नाही, हे सिस्टरला माहीत असतंच; घरी मोजणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. शेऱ्यात एक अक्षर मात्र रोज हवं: त्या सकाळी बीपीची गोळी घेतली होती की नाही. काही पेशंटना डायलिसिसच्या दिवशी गोळी नंतर घ्यायला सांगितलेली असते आणि विसरून सकाळीच घेतली जाते. त्या दिवशी बीपी पडलं तर पाण्याचा दोष कमी, गोळीचा जास्त.

सर्वांत कमी बीपीबरोबर तास लिहायचा तो याचसाठी. पहिल्या तासात पडलं आणि सकाळी गोळी घेतली होती, तर डॉक्टर आधी गोळीकडे बघतील. चौथ्या तासात पडलं, जांभया आल्या, गोळे आले, घरी जाऊन दिवसभर झोपून राहिले, आणि असं सलग पाच-सहा वेळा झालं, तर ड्राय वेट कदाचित खरंच कमी ठेवलं गेलंय. पेशंट नीट जेवायला लागला, अंगावर मांस चढलं, आणि कागदावरचं वजन तेच राहिलं, की असं होतं. वरचं बीपी २० किंवा त्याहून जास्त उतरलं आणि बरोबर गोळे, मळमळ, चक्कर असा काही त्रास झाला, तर ती नोंद 'बीपी पडलं' म्हणून करा. नुसतं १५० वरून १२८ वर आलं आणि माणूस गप्पा मारतोय, तर ते पडणं नव्हे.

मोठ्या गॅपनंतरच्या दिवसाची तुलना मोठ्या गॅपनंतरच्या दिवसाशीच करायची. सोमवार ते शुक्रवार एकाच आलेखात टाकले तर रेघ करवतीसारखी वर-खाली जाते आणि काही कळत नाही. Q रकान्यावर फिल्टर लावून फक्त ३ असलेल्या ओळी बघा. काकांच्या अशा सहा ओळी:

| आठवडा | नंतरचं वजन | आधीचं बीपी | नंतरचं बीपी | व्हीनस प्रेशर | रक्त थांबायला मिनिटं |
|---|---|---|---|---|---|
| १ | ५८.० | १४६/८२ | १३२/७८ | १२८ | ६ |
| २ | ५८.१ | १४८/८४ | १३६/७८ | १३२ | ७ |
| ३ | ५८.० | १५२/८६ | १४२/८२ | १४० | ८ |
| ४ | ५८.० | १६०/९० | १५०/८६ | १५४ | १० |
| ५ | ५८.१ | १६६/९२ | १५८/८८ | १६८ | १४ |
| ६ | ५८.० | १७२/९४ | १६४/९० | १८२ | १८ |

सहाही दिवस ड्राय वेट गाठलं गेलं. सहाही शीटांवर कुणी काही चुकीचं लिहिलेलं नाही. पण वजन जागच्या जागी आणि बीपी चढतंय, तेही डायलिसिसनंतरचंसुद्धा. शेऱ्याच्या रकान्यात तिसऱ्या आठवड्याची नोंद आहे: 'ताप, चार दिवस पेज आणि वरणाचं पाणी, सलाइनमधून औषध'. त्या दिवशी फरकाच्या रकान्यातही नेहमीच्या तीनशेऐवजी चारशे होते, ते त्या औषधाच्या बाटलीचे. नंतरच्या शेऱ्यांत 'जेवण निम्मं', 'पँट सैल', 'रात्री दोन उशा'.

हिशेब असा बसतो. तापात आणि न जेवण्यात काकांचं दीडएक किलो मांस गेलं असावं. काटा मांस आणि पाणी वेगळं दाखवत नाही. कागदावर ५८ तसंच राहिलं, म्हणून गेलेल्या मांसाच्या जागी तेवढंच पाणी अंगात ठेवून रोज घरी पाठवणं झालं. दोन उशा घेऊन झोपावं लागणं हे त्याच पाण्याचं. वजनाच्या एकट्या रकान्याकडे बघणाऱ्याला सगळं ठीक दिसणार, आणि बीपीच्या एकट्या रकान्याकडे बघणारा गोळी वाढवणार. गोळी वाढवली की पुढे पाणी काढताना बीपी पडतं, मग पाणी कमी काढलं जातं.

ड्राय वेट किती करायचं ते डॉक्टर ठरवतात, घरच्यांनी टेक्निशियनला 'आज अर्धा किलो जास्त काढा' म्हणायचं नाही. कारण S चा रकाना. मोठ्या गॅपनंतर काका आधीच १२ ते १४ च्या वेगाने पाणी देतायत. त्यावर एका दिवसात दीड किलो जास्त म्हणजे वेग १९-२० वर जाईल आणि बीपी कोसळेल. म्हणून डॉक्टर सहसा थोडं थोडं, तीनशे ते पाचशे ग्रॅमने उतरवतात, वेळ वाढवतात किंवा एखादं जादा डायलिसिस देतात. ड्राय वेट बदललं की B रकान्यात त्याच दिवसापासून नवा आकडा लिहा. जुना आकडा मागच्या शीटवरून तसाच पुढे उतरवला जाणं ही सेंटरवर फार नेहमीची गोष्ट आहे, आणि ती पकडायला वहीच लागते. वजन उतरल्यावर बीपी लगेच त्या आठवड्यात खाली येईलच असं नाही, काही आठवडे मागे रेंगाळतं.

फिस्टुलाचे रकाने

त्याच तक्त्यात शेवटचे दोन रकाने वेगळीच गोष्ट सांगतायत, आणि ती पाण्याशी निगडित नाही.

व्हीनस प्रेशर म्हणजे मशीनमधून रक्त शिरेत परत ढकलताना लागणारा दाब. सुईच्या पुढे शीर अरुंद झाली की तो वाढतो. पण तो आणखी चार कारणांनीही वाढतो, म्हणून आकडा घेताना तीन गोष्टी सारख्या हव्यात. रक्ताचा प्रवाह सारखा: २५० वर मोजलेला आकडा ३०० वरच्या आकड्याशी लावायचा नाही, प्रवाह वाढला की दाब वाढणारच. सुईचा नंबर सारखा: १६ नंबरऐवजी १७ नंबरची बारीक सुई लावली तर दाब चढतो, आणि शीर मात्र तशीच असते. वेळ सारखी: पहिल्या तासातली नोंद घ्या, कारण नंतर नळीच्या चेंबरमध्ये रक्त गोठायला लागलं तरी दाब वाढतो. एखाद्याच दिवशी उंच आणि दुसऱ्या दिवशी परत खाली आला, तर बहुधा सुईचं टोक शिरेच्या भिंतीला टेकलं होतं.

काकांचे सहाही आकडे २५० च्या प्रवाहावर, १६ नंबरच्या सुईवर, पहिल्या तासातले आहेत. १२८ पासून १८२ पर्यंत एकाच दिशेनं चढले. मग मशीनने अलार्म का दिला नाही? बऱ्याच मशीनवर अलार्मची वरची-खालची हद्द त्या त्या दिवशीच्या चालू दाबाच्या आजूबाजूला लावली जाते. दाब हळूहळू वाढला की हद्दही त्याच्याबरोबर सरकते. अमुक आकड्यापर्यंत चालतं, असा सगळ्यांना लागू होणारा आकडा इथे नाहीच. माणसाचा स्वतःचा पहिला आकडा हीच त्याची मोजपट्टी.

रक्त थांबायला लागलेली मिनिटं दाबाला दुजोरा देतात. पुढे वाट अरुंद, म्हणून मागे शिरेत दाब जास्त, म्हणून भोक बंद व्हायला वेळ. ६ वरून १८ मिनिटं ही मोठी झेप आहे. मात्र इथेही घोटाळे आहेत. हेपरिन वाढवलं असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी नवीन सुरू झाली असेल, तर दाब तसाच राहून मिनिटं वाढतात, शेऱ्यात लिहा. आणि दर दोन मिनिटांनी कापूस उचलून 'थांबलं का' बघणाऱ्याचं रक्त उशिराच थांबतं, कारण धरलेली गुठळी प्रत्येक वेळी निघते. घड्याळ लावून सलग दाबून धरा, मग बघा. दोन सुयांची मिनिटं वेगळी असतील तर जास्त असलेला आकडा घ्या.

दाबही चढला आणि मिनिटंही वाढली, हा जोडीनं आलेला बदल तीन-चार वेळा सलग दिसला की डॉक्टरांना दाखवायचा. हात सुजला असेल किंवा हात डोक्यावर उचलल्यावरही फिस्टुलाची शीर पूर्वीसारखी चपटी होत नसेल, तर तेही सांगायचं. याच्या उलट चित्रही असतं. व्हीनस प्रेशर ठीक, पण २५० चा प्रवाहच मिळत नाही, आर्टरीच्या बाजूचा दाब उणे दोनशेच्या पलीकडे जातो, थ्रिल, म्हणजे फिस्टुलावर हाताला जाणवणारी थरथर, मंद लागते. तिथे अडचण फिस्टुलात रक्त येण्याच्या बाजूला असते. शीटवर आर्टरीच्या दाबाचं उणे चिन्ह बरेचदा लिहीत नाहीत, त्यामुळे '२१०' बघून तो व्हीनस समजू नका.

शेऱ्याच्या रकान्यात सुईबद्दल तीनच गोष्टी लिहा: किती वेळा टोचावं लागलं, सुई शिरेबाहेर जाऊन सूज आली का, आणि कुठे टोचलं. 'कुठे' साठी वहीच्या पहिल्या पानावर हाताचं साधं चित्र काढून टोचायच्या जागांना १ ते ८ आकडे द्या आणि रोज दोन आकडे लिहा, म्हणजे '३, ६'. महिनाभर ३ आणि ६ च दिसले तर त्याच जागी टोचणं चाललंय. दुखत नाही म्हणून पेशंटलाच ती जागा आवडते, आणि तिथली भिंत पातळ होऊन फुगा तयार होतो. जागा बदलायला सांगताना हे दोन आकडे पुरतात. बटनहोल पद्धतीनं मुद्दाम एकाच भोकातून टोचत असतील तर ही तक्रार लागू नाही.

कॅथेटर असेल तर O आणि सुईच्या जागा सोडून द्या. त्याऐवजी प्रवाह किती मिळाला, नळ्या उलट लावाव्या लागल्या का, बाहेर पडण्याच्या जागी लाली-पू आहे का, आणि डायलिसिस सुरू झाल्यावर थंडी वाजून ताप आला का, हे लिहा.

काही गोष्टींना वहीची वाट बघायची नसते. थ्रिल हाताला लागत नाही, तर त्याच तासाला फोन करायचा, पुढच्या पाळीपर्यंत थांबायचं नाही. कॅथेटरवर थंडी-ताप, सुईच्या जागी पू, घरी आल्यावर फिस्टुलातून रक्त सुरू होणं, आडवं झोपता न येणारा दम, यांनाही तेच लागू. रक्त आलं तर बोटानं त्याच जागी घट्ट दाबून धरा आणि निघा. गच्च पट्टी बांधून मोकळे होऊ नका.

डॉक्टरांपुढे काय ठेवायचं

ओपीडीत किडनीच्या डॉक्टरांपुढे पूर्ण वही उघडू नका. मोठ्या गॅपनंतरच्या सहा ते आठ ओळी, वर दिलाय तेवढाच तक्ता, एका कागदावर छापून किंवा हातानं लिहून न्या. खाली दोन ओळी: 'तिसऱ्या आठवड्यात ताप, जेवण निम्मं, रात्री दोन उशा. सुईचा नंबर आणि प्रवाह सहाही वेळा सारखा.' दुसऱ्या ओळीमुळे पहिला प्रश्न तिथेच मिटतो, कारण दाब वाढलेला बघून डॉक्टर आधी तेच विचारणार. शीटांचे फोटो मोबाइलमध्ये तारखेच्या नावानं ठेवा, एखादा आकडा खटकला तर मूळ शीट दाखवता येते.

अशा कागदावर साधारणपणे दोन गोष्टी होतात: ड्राय वेट टप्प्याटप्प्यानं उतरवायला सांगतात, आणि फिस्टुलाची डॉप्लर किंवा फिस्टुलोग्राम लिहून देतात. दाब आणि मिनिटं यांवरून शीर कुठे, किती अरुंद आहे हे कळत नाही, ते तपासणीतच दिसतं. तिथे फुग्यानं शीर मोकळी केली, तर त्या दिवसाच्या ओळीखाली लाल रेघ मारा. रेघेच्या वरचे व्हीनस प्रेशरचे आकडे आता तुलनेला घ्यायचे नाहीत; पहिल्या तीन-चार डायलिसिसमध्ये जो आकडा स्थिर होईल तो नवा पाया. सुईचा नंबर कायमचा बदलला किंवा सेंटर बदललं, तरीही अशीच रेघ. ड्राय वेट बदललं तर रेघ नको, B चा रकाना ते सांगतोच.